रिमोटचा पंखा रिमोटला दाद देत नाही: सेल बदलले, आता रिसीव्हर तपासायचा कसा?

सांजवारा

नमस्कार. आमच्या तळेगावच्या घरी आईच्या खोलीत साधाच, जुन्या मोटरचा छतपंखा आहे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर असून तिला रात्री पलंगावरून उठून बटणापर्यंत जाणे जमत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी पंख्याच्या वरच्या कपात रिमोटचे मॉड्यूल बसवून घेतले होते. मॉड्यूलमधून निघालेल्या बारीक वायरच्या टोकाला रिमोटचा इशारा घेणारा छोटा काळा डोळा आहे आणि तो कपाच्या कडेला चिकटवलेला आहे.

गेल्या महिन्यापासून पंखा रिमोटचे ऐकेनासा झाला आहे. म्हणजे अजिबात ऐकत नाही असे नाही, कधी ऐकतो आणि कधी नाही. शेवटी भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू करावे लागते आणि त्यानंतर थोडा वेळ तो शहाण्यासारखा वागतो. सेल बदलून पाहिले. मॉड्यूल फेकून नवे बसवण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, ते जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि सोल्डरिंगचे काम मी थोडेफार करतो.

इंदूरकर

आमच्याकडे हाच त्रास होता. पंखा हळूहळू मंद होत गेला आणि शेवटी हाताने ढकलल्याशिवाय फिरेना. वायरमनने अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलला आणि पंखा पहिल्यासारखा पळू लागला. आपणही आधी कंडेन्सर बदलून घ्यावा, पाच मिनिटांचे काम आहे.

सांजवारा

धन्यवाद, पण आमचा पंखा मंद झालेला नाही. ज्या वेगावर असतो तो वेग चांगला असतो. अडचण एवढीच की रिमोटने तो वेग बदलत नाही किंवा पंखा बंद होत नाही.

आडगावकर

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढला होता का, हे आधी पाहा. दहापैकी नऊ घरांत दोष तिथेच असतो. रेग्युलेटर मधल्या आकड्यावर राहिला की मॉड्यूलला पुरेसा दाब मिळत नाही आणि ते बहिरे होते. माझ्या बहिणीकडे रेग्युलेटर काढून वायर थेट जोडली आणि त्याच दिवशी तक्रार संपली. मॉड्यूल उघडण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे.

जोडतार

आडगावकर म्हणतात ते पहिल्यांदा पाहायलाच हवे. रिमोटच्या मॉड्यूलआधी रेग्युलेटर ठेवणे चुकीचेच आहे. तो शेवटच्या आकड्यावर असला तरी कोणीतरी कधीतरी फिरवतोच. मात्र रेग्युलेटर हे एकच कारण असते असे नाही, आणि सहा वर्षे नीट चाललेली जोडणी अचानक बिघडते तेव्हा दुसरीकडेही पाहावे लागते.

सांजवारा, काहीही उघडण्यापूर्वी पलंगावर बसून तीन गोष्टी पाहा आणि जसे दिसेल तसे लिहा.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. भिंतीवरचे बटण चालू करताच मॉड्यूल एकदा बीप करते का, आणि रिमोटचे बटण दाबल्यावर करते का? चालू करतानाच आवाज नसेल, तर मॉड्यूलला वीज मिळत नाही किंवा ते गेले आहे. चालू करताना आवाज येतो पण रिमोटला येत नाही, तर दोष रिमोट, सेल किंवा त्या काळ्या डोळ्याकडे आहे. रिमोटलाही बीप येते आणि तरीही पंखा बदलत नाही, तर हुकूम पोहोचलेला आहे आणि तो अमलात येत नाही, म्हणजे रिमोट निर्दोष आहे. या एका आवाजावरून निम्मी शोधाशोध वाचते.

दुसरी गोष्ट अंतराची. रिमोट डोळ्यापासून हातभर अंतरावर धरून दाबल्यास चालतो आणि पलंगावरून चालत नाही, असे होते का?

तिसरी गोष्ट लोक सहसा पाहत नाहीत. पंखा कोणत्या वेगावर असताना ऐकतो आणि कोणत्या वेगावर असताना ऐकत नाही, याची कागदावर नोंद करा.

सेल बदलले म्हणता, ते कोणते आणि कुठून आणलेले, हेही लिहा.

मधुमालती

मीही याच विवंचनेत आहे, म्हणून इथेच विचारते. रिमोटच्या टोकाकडे मोबाइलचा कॅमेरा धरून बटण दाबले की जांभळट उजेड दिसतो, असे ऐकले होते. माझ्या रिमोटमध्ये काहीच दिसत नाही, नवे सेल घालूनही नाही. म्हणजे रिमोट गेला असे समजावे का?

जोडतार

मधुमालतीताई, इतक्यात समजू नका. मागचा कॅमेरा बहुतेक मोबाइलमध्ये हा उजेड गाळून टाकतो, म्हणून पुढचा, स्वतःचा फोटो काढण्याचा कॅमेरा वापरा, खोलीत अंधार करा, आणि आधी टीव्हीच्या चालू रिमोटवर तो कॅमेरा पारखून घ्या. टीव्हीच्या रिमोटचा उजेड दिसतो आणि पंख्याच्या रिमोटचा दिसत नाही, तेव्हाच पुढचा विचार करा.

आणि आपल्या रिमोटच्या टोकाला मटारच्या दाण्याएवढा पारदर्शक किंवा निळसर दिवा आहे का? पूर्वी तो शेजारच्या खोलीतून, भिंतीआडूनही चालत होता का? दिवा नसेल आणि भिंतीआडून चालत असेल, तर तो रेडिओ लहरींचा रिमोट आहे. त्यातून उजेड निघतच नाही, तेव्हा कॅमेऱ्याची परीक्षा त्याला लागूच पडत नाही.

मधुमालती

दिवा नाही, टोक सरळ बंद प्लास्टिकचे आहे, आणि हो, स्वयंपाकघरातून पंखा बंद करता यायचा! म्हणजे मी नाहक नवा रिमोट मागवणार होते. आता पुढे काय करावे?

जोडतार

अशा रिमोटची मॉड्यूलशी जोडी लावलेली असते आणि ती कधीकधी विसरली जाते. बहुतेकांत पंख्याचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत रिमोटवरचे एखादे ठरावीक बटण दाबून धरायचे असते. कोणते आणि किती वेळ, ते प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून सोबत आलेला कागद शोधा.

सांजवारा

दोन दिवस नोंद ठेवली. रेग्युलेटर मॉड्यूल बसवतानाच काढला होता, बोर्डावर आता फक्त बटण आहे.

सेल मी ड्रॉवरमधले घातले होते. पाकीट बंद होते, पण केव्हाचे ते आठवत नाही, आणि ते साधे स्वस्तातले होते. मीटरवर प्रत्येकी १.४३ व्होल्ट दाखवतात, म्हणजे चांगलेच म्हणायचे ना? कॅमेऱ्यात उजेड दिसतो. सेलच्या खोबणीतल्या एका स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खपली धरलेली दिसली, ती अजून तशीच आहे.

अंतराचे असे की पलंगावरून क्वचित चालतो, स्टुलावर उभे राहून जवळून दाबल्यास पुष्कळ वेळा चालतो.

वेगाचे मात्र नवल वाटले. पंखा बंद असताना किंवा एकवर असताना दाबले की बीप येते. बंदवरून थेट चार दाबला तर पंखा चारवर सुरू होतो, पण त्यानंतर जवळून दाबूनही काही ऐकत नाही, बीपही नाही. आणि एकवर असताना चार दाबला तर बीप येते, पण वेग वाढत नाही. संध्याकाळी सातनंतर हे सगळे आणखी वाढते.

जोडतार

फार चांगली नोंद केलीत. मला तरी इथे एक नाही, दोन दोष दिसतात. त्यांतला सोपा आधी काढून टाकू, नाहीतर ते एकमेकांत मिसळून फसवतात.

सेलचा दाब रिकामा असताना मोजून उपयोग नसतो. रिमोटचा दिवा फार थोड्या वेळाचे पण जोरदार झटके घेतो, आणि जुना सेल आतून इतका अडखळतो की झटका बसताच त्याचा दाब खाली येतो. म्हणून मीटरची टोके सेलच्या दोन बाह्य टोकांना लावा, म्हणजे दोन्ही सेल मिळून दाब दिसेल, आणि मग रिमोटचे बटण दाबून धरा. आकडा किंचित हलला तर ठीक. तो २.८ वरून २.३ च्या आसपास घसरला, तर सेल काढून टाका. मीटर सरासरी दाखवतो, प्रत्यक्ष झटक्याच्या क्षणी दाब त्याहूनही खाली जातो.

ती खपली म्हणजे पूर्वीच्या सेलची गळती आहे. सेल काढून, बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग चकचकीत होईपर्यंत घासा आणि कोरड्या कापसाने पुसा. मग नवे अल्कलाइन सेल घाला आणि पुन्हा तीच नोंद करा.

सांजवारा

मोजले. २.८६ वरून २.२९ झाले! स्प्रिंग घासली आणि नवे अल्कलाइन सेल घातले, आता बटण दाबल्यावर ३.१ च्या खाली फारसे जात नाही. पलंगावरूनच नव्हे तर दारातूनही बीप येते. पण चारवर पंखा असला की अजूनही बहिराच, आणि एकवरून चारवर जात नाही.

आडगावकर

मग आता मॉड्यूलच गेले. नवे बसवा, सहा वर्षांत पैसे वसूल झाले आहेत. छतावर चढून सोल्डरिंग करण्यापेक्षा ते बरे.

जोडतार

नवे बसवणे चुकीचे नाही. पण ही लक्षणे इतकी बोलकी आहेत की एका सुट्या भागावर माझा दाट संशय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या मॉड्यूलमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो. जागाच नसते. घरातली २३० व्होल्टची वीज एका पिवळ्या किंवा निळ्या चौकोनी कपॅसिटरमधून घेतली जाते. तो कपॅसिटर नळाच्या तोटीसारखा ठरावीक प्रवाहच आत सोडतो आणि त्यावर सगळे मॉड्यूल चालते. ०.६८ मायक्रोफॅरडचा असेल तर तो सुमारे ४० मिलिअँपिअर देतो. एका छोट्या रिलेला साधारण १५ लागतात, आणि आतली चिप व काळा डोळा यांना मिळून पाचएक. म्हणजे दोन रिले एकदम ओढले तरी भागते.

आता हा कपॅसिटर वर्षानुवर्षे विजेच्या मार्गात राहून आतल्या आत झिजतो. फुगत नाही, जळत नाही, बाहेरून नवाच दिसतो, पण त्याची क्षमता कमी होते. समजा ती चौथाईच उरली, तर प्रवाह १०-१२ मिलिअँपिअरच मिळेल. पंखा बंद असताना कोणीच काही मागत नाही, साठ्याचा दाब पूर्ण असतो, म्हणून रिमोट ऐकला जातो. बंदवरून चार दाबला की त्या साठ्याच्या जोरावर दोन्ही रिले ओढले जातात. रिले ओढायला जोर लागतो, पण ओढलेला धरून ठेवायला फार थोडा पुरतो, म्हणून दाब पडला तरी पंखा चारवरच फिरत राहतो. त्या पडलेल्या दाबावर डोळ्याला मात्र पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि तो बहिरा होतो. उलट एकवर असताना एकच रिले धरलेला असल्याने डोळा चालतो, बीपही येते, पण दाब आधीच उतरलेला असल्यामुळे दुसरा रिले ओढण्याइतका जोर उरलेला नसतो. आपल्या नोंदीतल्या दोन्ही गोष्टी यात बसतात. संध्याकाळी वस्तीत विजेचा दाब उतरतो तसा हा प्रवाहही त्याच प्रमाणात उतरतो.

आपल्या मॉड्यूलवर रिलेचे चौकोनी डबे किती आहेत ते मला माहीत नाही, म्हणून हा अंदाज आहे. पण तपासण्याजोगा आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे या मॉड्यूलचा प्रत्येक बिंदू, पाच व्होल्टचा भागसुद्धा, थेट घरातल्या विजेला जोडलेला असतो. वीज चालू ठेवून त्यात मीटरची टोके घालू नका. भिंतीवरचे बटण बंद करणेही पुरेसे नाही, कारण कोणी चुकून बटण न्यूट्रलवर जोडलेले असेल तर फेज वर जिवंतच राहते. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, पूर्ण मॉड्यूल खाली काढा आणि टेबलावर तपासा. शिडी धरायला दुसरा माणूस हवाच.

सांजवारा

रविवारी नेहमीच्या वायरमनना बोलावले आणि मॉड्यूल खाली घेतले. वायर सोडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढले. आईचा खोळंबा नको म्हणून त्यांनी तेवढ्यापुरता पंखा सरळ बटणावर जोडून दिला.

डबा उघडला तेव्हा आत करड्या धुळीचा थर होता आणि कोपऱ्यात कोळ्याचे जाळे. रिलेचे काळे डबे तीन आहेत. पिवळा चौकोनी कपॅसिटर एकच दिसतो, त्यावर ६८४ असा आकडा, २७५ व्होल्ट आणि एक्स-२ अशी खूण आहे. बाहेरून अगदी स्वच्छ आहे, त्यामुळे मला शंका वाटते. त्याला आता हात लावू का?

जोडतार

६८४ म्हणजे ०.६८ मायक्रोफॅरड. लगेच हात लावू नका. त्यात शिल्लक राहिलेला भार उतरावा म्हणून शेजारी एक रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असू शकतो. दहा हजार ओहमचा एखादा रेझिस्टर पक्कडीत धरून कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर काही सेकंद टेकवा आणि मीटरने शून्य व्होल्टची खात्री करा. पेचकसाने ठिणगी पाडून उतरवू नका. मग एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि मीटरच्या कपॅसिटरच्या घरावर मोजा. पाय न सोडवता मोजाल तर आजूबाजूचे भाग आकड्यात मिसळतील.

सांजवारा

०.१९ मायक्रोफॅरड!

तीनदा मोजले. खात्री म्हणून जुन्या रेडिओतला एक दुसरा कपॅसिटर त्याच मीटरवर मोजला, तो छापल्याप्रमाणेच निघाला, म्हणजे मीटर खोटे बोलत नाही. छापलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही उरलेला नाही.

इंदूरकर

म्हणजे शेवटी कंडेन्सरच निघाला! मी म्हणालो होतो.

जोडतार

इंदूरकर, आपण सांगितलेला कंडेन्सर मोटरचा आहे. त्याच्यामुळे पंखा मंद होतो, रिमोटशी त्याचा संबंध नाही. हा मॉड्यूलच्या स्वतःच्या विजेचा आहे. पुढे कोणी हा धागा वाचून चुकीचा भाग बदलू नये, म्हणून स्पष्ट केले.

सांजवारा, बदलताना तेवढ्याच क्षमतेचा, २७५ व्होल्ट किंवा त्याहून वरच्या एसी दाबाचा आणि एक्स-२ खूण असलेलाच घ्या. दुकानदार चारशे व्होल्टचा डीसी कपॅसिटर हातात ठेवील, तो घेऊ नका. थेट घरातल्या विजेवर राहण्यासाठी तो बनलेला नसतो आणि फाटला तर आग लागू शकते. दोन पायांमधले अंतरही मोजून न्या, नाहीतर तो पाटीवर बसत नाही.

आडगावकर

एवढे उघडलेच आहे तर एक मायक्रोफॅरडचाच का घालू नये? पुढे झिजला तरी पुरून उरेल.

जोडतार

नको. जास्तीचा प्रवाह कुठेतरी जिरवावा लागतो आणि तो दाब बांधून ठेवणारा छोटा झेनर डायोड जिरवतो. पंखा बंद असताना तर सगळाच प्रवाह त्याच्या अंगावर येतो. दीडपट भार दिला तर वरच्या बंद कपात, छताच्या उन्हाळी तापात, तो आधी जाईल.

मधुमालती

माझा कागद सापडला, पण सांगितल्याप्रमाणे तीनदा करूनही जोडी लागली नाही. चालू करताना मात्र बीप येते. सांजवारा यांचे काम झाले की माझ्याकडेही पाहावे, ही विनंती.

सांजवारा

पुण्यात बुधवार पेठेत गेलो होतो. पहिल्या दुकानात खरोखरच डीसीचा पुढे केला, दुसऱ्या दुकानात हवा तसा मिळाला. घरी आणून आधी मोजला, ०.६७ भरला. सोल्डर केला, धूळ ब्रशने झाडली, काळ्या डोळ्यावरचा धुरकट थर ओल्या कापसाने पुसला, आणि काल संध्याकाळी साडेसातला वायरमननी मॉड्यूल परत वर चढवले.

एकवरून चार दाबला, आतून टक् असा आवाज आला आणि पंखा चारवर गेला. चारवरून दोन, दोनवरून बंद, पुन्हा चार, सगळे पलंगावरून. आईने रिमोट हातातून घेतला आणि दहा मिनिटे पंखा नुसता चालू-बंद करत बसली.

वायरमनचे म्हणणे असे की गेल्या पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली होती, त्यात हा कपॅसिटर गेला. तसे असू शकते का?

जोडतार

असू शकते. दाबाचा मोठा झटका आला की असला कपॅसिटर आतले फाटलेले ठिकाण स्वतःच जाळून वेगळे करतो आणि जिवंत राहतो, पण दर वेळी थोडी क्षमता गमावतो. दमट हवेतही आतला धातूचा पातळ थर खाल्ला जातो. आपल्याकडे यांतले कोणते घडले, हे ०.१९ या आकड्यावरून सांगता येणार नाही. काढलेला कपॅसिटर ठेवून द्या, आणि नव्याची आजची नोंद मॉड्यूलच्या डब्यात आतून कागदावर लिहून चिकटवा. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवता येतील.

मधुमालतीताई, आपले मॉड्यूल चालू करताना बीप करते, म्हणजे त्याला वीज मिळते. आता रिमोटचे सेल वर लिहिल्याप्रमाणे बटण दाबून मोजा, आणि घरात याच बनावटीचा दुसरा पंखा असेल तर त्याच्या रिमोटशी या पंख्याची जोडी लागते का, ते पाहा. लागली तर दोष आपल्या रिमोटमध्ये.

मधुमालती

दुसरा पंखा माहेरी आहे. गणपतीला जाईन तेव्हा तो रिमोट घेऊन येते आणि इथेच लिहिते.